बारीक बिलावर बसवलेला हप्ता: चार गाईंच्या कर्जाचा अनुभव

दूध संस्थेचं बिल महिन्यातून तीनदा निघतं. 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. बँकेचा हप्ता महिन्यातून एकदाच पडतो. गाईंसाठी कर्ज काढताना आमचा सगळ्यात जास्त वेळ हे दोन घड्याळांचे काटे जुळवण्यात गेला. कागद गोळा करायला आठ-दहा दिवस पुरले. हप्ता कोणत्या बिलातून किती कापायचा हे ठरायला मात्र दीड महिना लागला, आणि तो वाया गेला असं आज वाटत नाही.

प्रकरण असं होतं. नगर जिल्ह्यात चार संकरित होल्स्टिन गाई घ्यायच्या होत्या. गाय 85,000 रुपयांची धरली, म्हणजे चारींचे 3,40,000. वाहतुकीला 10,000 आणि पहिल्या वर्षाच्या विम्याला 13,600. एकूण 3,63,600 झाले. त्यात 63,600 स्वतःचे आणि 3,00,000 बँकेचे, पाच वर्षांसाठी, दहा टक्क्यांनी. साठ समान हप्ते केले तर महिन्याला 6,374 रुपये येतात. तीन बिलांत वाटले की बिलामागे साधारण 2,125.

शाखेत याचं गणित दोन ओळींत उरकतं. रोज इतके लिटर, गुणिले दर, गुणिले तीस, आणि त्याच्या एक तृतीयांश हप्ता बसला की कर्ज मंजुरीला योग्य. चूक इथेच होते, कारण 'रोज इतके लिटर' हा आकडा विकणाऱ्याच्या दावणीला बघितलेल्या ताज्या व्यालेल्या गाईचा असतो. ती गाय वर्षभर तेवढं देत नाही. शिवाय बिलातून सगळ्यात आधी पशुखाद्य कापलं जातं, आणि त्याची रक्कम सरासरी हप्त्याच्या तिप्पट असते.

म्हणून आधी एका गाईचं अख्खं वेत मांडलं. गाय व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध सगळ्यात वर जातं, मग हळूहळू उतरतं. आम्ही धरलं ते असं: पहिले 100 दिवस सरासरी 13 लिटर, पुढचे 120 दिवस 10 लिटर, त्यापुढचे 120 दिवस 6 लिटर, आणि शेवटचे 60 दिवस भाकड. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत 400 दिवस. गाईचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा असतो, म्हणजे व्याल्यापासून 120 दिवसांत ती गाभण राहायला हवी. हे काही फार कडक गणित नाही, चांगल्या गोठ्यात याहून लवकर राहते. पण कर्जाचा हिशेब चांगल्या गोठ्यावर मांडू नये.

खाद्याचं माप सर्वांना माहीत असलेलंच घेतलं. गाईच्या अंगाला दीड किलो, आणि दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम. भाकड गाभण गाईला दोन किलो. खाद्य 34 रुपये किलो. दुधाचा दर 32 रुपये लिटर धरला, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला. चारा घरचा, म्हणून तो यात नाही. मजुरी आणि औषधही नाही. ते सगळं उरलेल्या पैशांतून भागवायचं आहे, हे पुढचे आकडे वाचताना विसरू नये.

आता चारही गाई एकदमच आणल्या तर काय होतं ते बघा. पहिले शंभर दिवस 52 लिटर दूध, दहा दिवसांचं बिल 16,640. खाद्याचे 9,100 वजा जाऊन साडेसात हजार हातात. हप्ता सहज जातो, आणि मंडळी खूश होऊन दुसऱ्या गोठ्याचं शेड बांधायला घेतात. पुढच्या टप्प्यात हातात 5,300 उरतात. तिसऱ्या टप्प्यात दूध 24 लिटरवर येतं, बिल 7,680, खाद्य 5,300, उरले जेमतेम 2,376. त्यातून 2,125 हप्ता गेला की दहा दिवसांना अडीचशे रुपये. आणि मग चारही गाई एकदम आटतात. सलग सहा बिलं शून्याची. या साठ दिवसांत हप्त्याचे 12,750 आणि खाद्याचे 16,300, मिळून 29,000 रुपये खिशातून घालावे लागतात. दुधाच्या कर्जाची बहुतेक खाती याच साठ दिवसांत थकतात. गाय वाईट नसते, दरही पडलेला नसतो. गाई एकाच महिन्यात व्यालेल्या असतात, एवढंच.

दोन गाई आता आणि दोन नंतर घेतल्या, म्हणजे दोन टप्प्यांत, तर चित्र बदलतं. टप्प्यांत अंतर किती ठेवायचं, तर वेताच्या 400 दिवसांच्या निम्मं, 200 दिवस. मग एक जोडी आटलेली असते तेव्हा दुसरी 10 लिटरच्या टप्प्यात असते. दूध 46 लिटरपर्यंत चढतं आणि 20 लिटरच्या खाली जात नाही. सगळ्यात बारीक बिल 6,400 रुपयांचं येतं. त्यातून खाद्याचे 5,100 गेले की 1,300 उरतात.

म्हणजे दोन टप्प्यांतही बारीक बिलात 2,125 चा हप्ता बसतच नाही. आम्ही कागदावर हे मांडेपर्यंत आम्हालाही वाटत होतं की टप्पे केले की काम झालं. टप्प्यांनी खड्डा उथळ होतो, बुजत नाही.

उपाय असा निघाला की कपात बिलाच्या आकाराप्रमाणे करायची. बिल 12,000 च्या वर असेल तर 2,900, 8,000 ते 12,000 मध्ये असेल तर 2,000, आणि 8,000 च्या खाली असेल तर फक्त 1,000. 200 दिवसांच्या फेऱ्यात वीस बिलं येतात. आमच्या मांडणीत त्यातली दहा बिलं 12,000 च्या वर, चार मधली आणि सहा बारीक. कपात 29,000 अधिक 8,000 अधिक 6,000, म्हणजे 43,000. बँकेला त्या काळात 42,500 हवे असतात. पाचशे रुपये वर राहतात, आणि बारीक बिलातही तीनशे रुपये घरी येतात. तीनशे म्हणजे काहीच नाही, हे कबूल. पण बिलावर 'येणे बाकी' छापून येत नाही, आणि पुढच्या खाद्याची उधारी बंद होत नाही.

ही पायऱ्यांची कपात बँकेच्या संगणकात बसत नाही. तिथे दरमहा ठराविक तारखेला ठराविक रक्कमच लागते. सुरुवातीला वाटलं की सुगीत जास्त भरलं की ते पुढच्या हप्त्यात आपोआप वळतं होईल. तसं होईलच असं नाही. कर्जखात्यात जास्तीचे पैसे भरले की मुद्दल कमी होतं, व्याज वाचतं, पण पुढच्या महिन्याचा हप्ता अनेकदा तसाच्या तसा उभा राहतो. म्हणजे मे महिन्यात सात हजार जादा भरूनही ऑगस्टमध्ये खातं थकीत दिसू शकतं. म्हणून संस्थेने कापलेले पैसे थेट कर्जखात्यात न जाता त्याच शाखेतल्या बचत खात्यात जमा करायचे, आणि तिथून दर महिन्याच्या 10 तारखेला 6,374 कर्जखात्यात वळवण्याची स्थायी सूचना द्यायची, असं ठरलं. सुगीतला जादा पैसा बचत खात्यात साठतो आणि दोन बारीक महिन्यांत कमी पडणारे 6,750 तिथून निघतात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही. हा सल्ला शाखेतल्याच एका जुन्या शिपायाने दिला होता, आणि तो मंजुरीपत्रातल्या कुठल्याही अटीपेक्षा उपयोगी ठरला.

10 तारीखच का, तर 21 ते अखेरचं बिल हातात पडायला पुढच्या महिन्याची 5 ते 7 तारीख उजाडते. हप्त्याची तारीख 1 किंवा 5 राहिली तर तिसरं बिल दर महिन्याला उशिरा पोचतं आणि खातं चार-पाच दिवसांसाठी थकलेलं दिसतं. असे चार-पाच दिवस वर्षात बारा वेळा सिबिलच्या नोंदीत दिसले की पुढचं कर्ज मागताना त्याचं उत्तर द्यावं लागतं. तारीख मंजुरीच्या वेळी बदलून घेणं एका सहीचं काम आहे. नंतर तेच काम वरच्या कार्यालयात जातं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, इतर बँकांचा आणि विकास सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, गाईंचं दरपत्रक, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला, आणि दूध संस्थेचा मागच्या बारा महिन्यांचा दूधपुरवठ्याचा उतारा. शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. दूध घरातल्या दोघांच्या नावावर विभागून घालत असाल तर कर्ज मागायच्या आधी वर्षभर ते एकाच नावावर, म्हणजे ज्याच्या नावावर कर्ज निघणार त्याच्या नावावर घालायला लागा. उताऱ्यावर दूध कमी दिसलं तर तोंडी खुलासा चालत नाही.

तारणाबाबत एक गोष्ट आधी कळली असती तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 1.6 लाखांवरून 2 लाखांवर नेली. शेतीपूरक कर्ज त्यातच येतं. आमचं कर्ज 3 लाखांचं, म्हणून गाईंच्या नजरगहाणासोबत जमिनीचाही ई-करार झाला आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढला. कर्जाचे दीड-दीड लाखांचे दोन तुकडे करून ही मर्यादा टाळता येईल असं काहीजण सांगतात. मर्यादा प्रत्येक कर्जदाराची आहे, प्रत्येक खात्याची नाही, त्यामुळे तुकड्यांनी काही साधत नाही. दूध थेट संघाला जात असेल आणि वसुलीची साखळी पक्की असेल तर पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डाला 3 लाखांपर्यंत विनातारण सवलत जाहीर झालेली आहे. पण ते कार्ड खाद्य, चारा, औषध अशा चालू खर्चासाठी असतं, गाई घ्यायला नाही. दोन्हींचा घोळ शाखेतही होतो.

त्या कार्डाचा खरा उपयोग वेगळा आहे. संस्थेकडून खाद्य उधारीवर घेतलं की कपातीच्या रांगेत ते पहिलं उभं राहतं आणि हप्ता मागे ढकलला जातो. कार्डावर पशुपालनासाठी 2 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी पैसे मिळतात, आणि मुदतीत फेडले तर 3 टक्के परत मिळून ते 4 टक्क्यांना पडतात. त्यातून महिन्याचं खाद्य रोखीने एकदम घेतलं तर बिल मोकळं राहतं. अट एवढीच की वर्षातून एकदा ते फिरवायला हवं, नाहीतर तेही दुसरं कर्ज होऊन बसतं.

आता करार. हा तिघांत होतो: कर्जदार, बँक आणि दूध संस्था. संस्थेच्या संचालक मंडळाचा ठराव त्याला जोडावा लागतो, नुसत्या सचिवाच्या सहीवर बँक समाधानी होत नाही, आणि होऊही नये. करारात आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या. एक, कपातीचा क्रम: आधी खाद्य, मग बँकेचा हप्ता, मग संस्थेचं ॲडव्हान्स, अनामत आणि शेअरची रक्कम. हा क्रम लिहिला नाही तर दिवाळीआधी दिलेलं ॲडव्हान्स आधी वसूल होतं आणि हप्ता राहतो. दुसरी, कपातीच्या तीन पायऱ्या, आकड्यांसकट. तिसरी, कापलेली रक्कम संस्थेने किती दिवसांत बँकेत भरायची. आमच्यात चार दिवस ठरले.

तिसरी अट बारीक वाटते, पण भांडण इथेच होतं. बिलाच्या पावतीवर 'बँक हप्ता 2,900' छापून आलं की आपण समजतो हप्ता गेला. संस्था मात्र सगळ्या कर्जदारांची रक्कम एकत्र करून यादीसह पाठवते. यादीत खातेक्रमांकाचा एक आकडा चुकला, किंवा संस्थेने स्वतःची अडचण भागवायला रक्कम आठ दिवस वापरली, तरी बँकेच्या दृष्टीने थकबाकीदार आपणच. एकदा अशी कपात पूर्ण महिनाभर दुसऱ्याच खात्यात जमा होत राहिली. कळलं ते बिलाच्या तीन पावत्या आणि पासबुक शेजारी ठेवल्यावर. दर महिन्याच्या 12 तारखेला हे मिलान करायला दहा मिनिटं लागतात.

करारात आणखी एक कलम असतं, ज्यावर लोक न वाचता सही करतात: बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय दूध दुसरीकडे घालायचं नाही. गावात दुसरं संकलन केंद्र येतं, लिटरला रुपया जास्त देतं, सहा महिने दूध तिकडे जातं. 32 लिटरवर रुपया म्हणजे दहा दिवसांना 320 रुपये. त्यासाठी कपात बंद पडते आणि हप्ता हातातून भरायची वेळ येते. हातात आलेला पैसा हप्त्यासाठी थांबत नाही, हा गोठ्यातला जुना अनुभव आहे. जायचंच असेल तर आधी नव्या केंद्राकडून तसंच हमीपत्र घेऊन बँकेत द्यावं, मग जावं.

खरेदी. पैसे विकणाऱ्याच्या खात्यावर थेट जातात, रोख हातात मिळत नाही. त्यामुळे बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, अशा गिऱ्हाइकाला थोडा जास्त भाव सांगतात, कारण त्यांना दोन-तीन दिवस थांबावं लागतं. काष्टी किंवा घोडेगावसारख्या बाजारातून घेताना एका वेळेच्या दुधावर कधीच जाऊ नये. आदल्या वेळेला दूध न काढता सड तुंबवून आणलेली गाय 12 लिटरची 17 लिटर दाखवते. संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ असं सलग तीन वेळा दूध काढून बघायचं, आणि पहिली वेळ हिशेबात धरायची नाही. चारही सडांच्या धारा वेगवेगळ्या काळ्या कापडावर घेऊन गाठी, पू बघायचा. कासदाह, म्हणजे दगडी, ओळखायचं सीएमटीचं द्रावण स्वस्त असतं, ते बरोबर न्यायचं. दबलेली दगडी त्याच्याशिवाय दिसत नाही. वय दातांवरून कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय घ्यावी, कारण कर्ज पाच वर्षांचं आहे आणि पाचव्या वेताची गाय हप्ते संपायच्या आत म्हातारी होते. ब्रुसेलाची रक्ततपासणी करायला अहवालासाठी थांबावं लागतं, म्हणून सगळे टाळतात. गर्भ टाकणारी गाय आली की वरचं 400 दिवसांचं सगळं गणित मोडतं, तेव्हा थांबलेलं परवडतं.

गाय गोठ्यात आल्यावर आठ-दहा दिवस दूध कमीच असतं. प्रवास, पाणी, नवा माणूस. पहिला हप्ता वितरणानंतर दोन महिन्यांनी सुरू होईल असं मंजुरीपत्रात लिहून घ्यावं. आणि दुसऱ्या टप्प्याबद्दलही तिथेच लिहून घ्यावं. आमच्या मंजुरीची मुदत सहा महिने होती आणि दुसरी जोडी घ्यायची होती 200 दिवसांनी. वीस दिवसांसाठी सगळं प्रकरण नव्याने करावं लागलं असतं. मुदत आठ महिने करून घेतली. पहिल्या टप्प्यात दीड लाखच उचलल्यामुळे तोवर हप्ताही निम्माच होता, तोही शाखेकडून लेखी घ्यावा लागला, कारण संगणकात पूर्ण रकमेचा हप्ता आधीच भरलेला होता.

विम्याबाबत एकच वाक्य सगळे ऐकून असतात: बिल्ला नाही तर क्लेम नाही. कानातला बारा अंकी बिल्ला गळून पडतो, गव्हाणीत अडकून कान फाटतो. त्या दिवशीच कंपनीला आणि बँकेला कळवून नवा बिल्ला मारून त्याचा क्रमांक पॉलिसीवर चढवून घ्यावा. फोटो काढताना बिल्ल्याचा आकडा आणि गाईचं तोंड एकाच चौकटीत यावं. नव्या पॉलिसीत आजाराने झालेल्या मृत्यूला पहिले पंधरा दिवस संरक्षण नसतं, म्हणून विमा गाय गोठ्यात आल्यावर नव्हे, पैसे दिले त्याच दिवशी सुरू करावा. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसीची नोंद ठेवावी. क्लेमच्या वेळी ती मागतात. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने भरपाई आधी कर्जखात्यात जाते. कर्ज त्या गाईपुरतं कमी होतं, पण दुसरी गाय घ्यायला हातात काही येत नाही. हे गाय मेल्यावर कळलं की फार लागतं.

मांडलेलं गणित कुठे मोडतं, तर दोन ठिकाणी. पहिलं, माज हुकणं. गाय 21 दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला किंवा रेतन करून उलटली की वेत 21 दिवसांनी लांबतं, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली दोन बारीक बिलं वाढतात. दोन गाई दोन-दोनदा उलटल्या की दोन जोड्यांतलं 200 दिवसांचं अंतर सरकतं आणि चारही एकत्र आटायची वेळ जवळ येते. म्हणून व्याल्याची तारीख, माजाच्या तारखा आणि रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते. व्याल्याला 90 दिवस होऊन गाय गाभण नसेल तर डॉक्टरला त्याच आठवड्यात बोलवायचं, पुढच्या माजाची वाट बघायची नाही.

दुसरं, दर. 2023 च्या पावसाळ्यात राज्य सरकारने गाईच्या दुधाला 34 रुपयांचा किमान दर जाहीर केला होता, आणि वर्ष संपता संपता हातात 27 च्या आसपास पडत होते. वरच्या हिशेबात 32 च्या जागी 27 घालून बघा. 32 रुपयांना खाद्य जाऊन बिलामागे सरासरी 3,780 उरतात. 27 ला 2,170 उरतात. हप्ता 2,125. म्हणजे चार गाईंवर 3 लाखांचं कर्ज 27 रुपयांना नुसतं तगतं. मजुरी, औषध, घरखर्च शून्य. त्यामुळे याच चार गाईंवर दूध काढायच्या यंत्राचे आणखी पैसे चढवायला आम्ही नकार दिला. शाखा द्यायला तयार होती. यंत्राने वेळ वाचतो, दूध वाढत नाही, आणि चार गाईंना दोन माणसं पुरतात. कडबाकुट्टीचं वेगळं: वैरण उष्टी टाकली जात नाही, म्हणून ती घेतली, पण स्वतःच्या पैशाने.

2024 मध्ये सरकारने लिटरला 5 रुपये, आणि ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान दिलं. ते धरून हप्ता बसवायचा मोह होत होता. पण अनुदान दूधबिलात येत नव्हतं. बिल्ल्याची आणि दुधाची ऑनलाइन नोंद जुळली की ते वेगळं खात्यावर यायचं, आणि उशिरा यायचं. 10 तारखेच्या हप्त्याला अशा अनुदानाचा उपयोग नाही. आलं की ते बचत खात्यातच राहू द्यायचं, पुढच्या भाकड काळासाठी.

आणि तरीही एखादं बिल अडकलंच, तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवावं. गाय आजारी पडून दूध तुटलं तर हप्त्याच्या तारखेआधी शाखेत लेखी अर्ज द्यायचा, डॉक्टरचा दाखला आणि संस्थेचा दूध घटल्याचा उतारा जोडून. तारीख उलटल्यावर दिलेल्या अर्जाला फारसं कोणी विचारत नाही. आधी दिला तर निदान एखादा हप्ता पुढे ढकलायचा विचार होतो.

शेवटचा हप्ता गेला की कपात आपोआप थांबत नाही. संस्थेला बँकेचं कपात बंद करण्याचं पत्र द्यावं लागतं, नाहीतर आणखी दोन-तीन बिलांतून 2,900 जात राहतात आणि ते परत मिळवायला महिना लागतो. विमा पॉलिसीवरून बँकेचं नाव काढायचं. आणि बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करायचा अर्ज द्यायचा. सातबारा ऑनलाइन काढून इतर हक्काचा रकाना कोरा दिसेपर्यंत फाईल कपाटात ठेवायची नाही.